वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : कोणासाठी, आणि नंतरची वर्षं कशी जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ऑपरेशन दीड-दोन तासांत आटोपतं आणि त्याची माहिती सर्जन नीट देतात. माझ्यासमोर येणारे प्रश्न बहुतेक त्यानंतरचे असतात: पोळी कधी खायची, केस का गळतात, सगळं छान चाललंय तर रक्त तपासायला कशाला यायचं. म्हणून या पानावर नंतरच्या काळाला जास्त जागा दिली आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. सुमेधाताई, वय ४४, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९८ किलो. सिंहगड रस्त्यावर राहतात, बँकेत नोकरी, घर पूर्ण शाकाहारी. सहा वर्षांपासून मधुमेह, रात्री मोठं घोरणं, छातीत जळजळ. ही कोणी एक व्यक्ती नाही. अनेकींच्या कहाण्या एकत्र करून हे उदाहरण तयार केलं आहे.

वजन किती असलं की शस्त्रक्रिया करतात?

नुसत्या वजनावर ठरत नाही, बीएमआय पाहतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. सुमेधाताईंच्या उंचीचा वर्ग जवळपास २.५ येतो, ९८ भागिले २.५ म्हणजे बीएमआय साधारण ३९.

पूर्वी जगभर १९९१ चा अमेरिकन निकष वापरत: बीएमआय ४०, किंवा सोबत गंभीर आजार असेल तर ३५. भारतात तो थोडा खाली आणून ३७.५ आणि ३२.५ धरायची पद्धत पडली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि जागतिक अशा दोन सर्जन-संघटनांनी मिळून निकष बदलले. आता ३५ च्या वर सोबत आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवली जाते, ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर विचार होतो, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच हा पर्याय समोर ठेवावा असं त्यात म्हटलं आहे. प्रत्यक्षात पुण्यातल्या कुठल्याही चांगल्या टीमकडे गेलात तर या आकड्यांसोबत तुमचे आजार, वय आणि आधी केलेले प्रयत्नही तपासले जातील.

आपल्यासाठी आकडा खाली का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं एक उत्तर पुण्यातूनच आलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९ टक्क्यांच्या आसपास आणि याज्ञिकांची २१ टक्क्यांच्या वर. म्हणजे त्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त असू शकते, आणि ती पोटाभोवती साठली की मधुमेह लवकर गाठतो.

डॉक्टर म्हणाले पात्र आहात, पण विमा कंपनी नाही म्हणते. असं कसं?

कारण वैद्यकीय निकष आणि विम्याचे निकष वेगळे आहेत. २०१९ मध्ये विमा नियामकाने घालून दिलेल्या शब्दरचनेनुसार वय किमान १८ हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. तो ३५ ते ४० मध्ये असेल तर औषधं-पथ्याचे प्रयत्न फसलेले असायला हवेत आणि सोबत गंभीर आजारही हवा: हृदयविकार, झोपेत श्वास वारंवार थांबणारा तीव्र स्लीप ॲप्निया किंवा औषधांनी आटोक्यात न येणारा मधुमेह.

सुमेधाताई ३९ वर आहेत, म्हणजे दुसऱ्या गटात. त्यांनी आधी झोपेची तपासणी करून घेतली, त्यात तीव्र ॲप्निया निघाला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे दोन वर्षांचे एचबीए१सी रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्याही फाइलला लावल्या. अर्ज नामंजूर होण्याचं मला वारंवार दिसलेलं कारण म्हणजे हीच कागदपत्रं अपुरी असणं. पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी मात्र आधीच वाचा, ऑपरेशनची तारीख ठरल्यावर नको.

कोणाला थांबायला सांगतात?

थायरॉइड किंवा कुशिंगसारखा दुसरा आजार वजन वाढवत असेल तर आधी त्याचा उपचार. दारूचं व्यसन किंवा उपचार न झालेलं नैराश्य असेल तरी आधी तेच. तंबाखू, सिगारेट आणि मिश्री बंद करावीच लागते. मिश्रीचा वेगळा उल्लेख करते, कारण बायका ती तंबाखूत धरत नाहीत आणि विचारल्यावर ‘व्यसन नाही’ असं मनापासून सांगतात. बायपास या प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतर निकोटिनमुळे आतड्याच्या जोडावर अल्सर होतो आणि तो फुटूही शकतो.

स्लीव्ह की बायपास?

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून नुसतं पोट लवकर भरतं असं नाही, भूकच कमी लागते. काढलेला भाग परत बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं.

स्लीव्ह सोपी आणि जास्त प्रमाणात होणारी. पण ज्यांना आधीच छातीत जळजळ आहे त्यांची ती स्लीव्हनंतर वाढू शकते, कारण अरुंद नळीत दाब वाढतो. सुमेधाताईंची दुर्बिणीने तपासणी केली तेव्हा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी सूज आणि हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला दिसला. म्हणून त्यांच्यासाठी बायपास ठरला. ‘मैत्रिणीने स्लीव्ह केली, मलाही तीच करा’ असं म्हणण्याआधी एंडोस्कोपीचा रिपोर्ट समोर ठेवून बोला.

ऑपरेशन धोक्याचं आहे ना?

अनुभवी केंद्रांत पहिल्या महिन्यातला मृत्यूचा धोका हजारात एकाच्या आसपास असतो, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपास. शून्य नाही. पहिल्या दोन आठवड्यांत टाक्यांतून गळती होऊ शकते आणि तिची पहिली खूण बऱ्याचदा पोटदुखी नसून नाडी असते. बसल्या जागी नाडी १२० च्या वर जाऊन तिथेच राहिली, ताप आला, धाप लागली किंवा डावा खांदा दुखू लागला, तर सकाळची वाट न पाहता सर्जनला फोन करायचा.

पहिले दोन महिने काय खायचं?

सुरुवातीला एक-दोन दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप, तेही घोट-घोट. मग साधारण दोन आठवडे ताक, दूध, प्रथिनांची पावडर, पातळ वरणाचं पाणी. त्यानंतर दोन आठवडे वाटलेलं अन्न, मग मऊ भात-वरण, पनीर, घोटलेली उसळ. सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीच्या जेवणाकडे. पोळी आणि भाकरी सर्वांत शेवटी, कारण नीट चावली नाही तर ती लगदा होऊन अडकते.

शाकाहारी घरात प्रथिनं पुरी कशी करायची?

रोज किमान ६० ग्रॅम हवीत. आपल्या ताटाची मांडणीच याच्या आड येते. आधी पोळी-भाजी, मग वरण-भात, शेवटी ताक, असं जेवलात तर लहान जठर पोळीनेच भरतं आणि प्रथिनं ताटात राहतात. क्रम उलटा करा: आधी पनीर किंवा उसळ, मग भाजी, जागा उरली तर अर्धी पोळी. जेवताना पाणी नाही. ते अर्ध्या तासाने.

सुमेधाताईंचा तिसऱ्या महिन्यातला एक दिवस असा होता. सकाळी पेलाभर दुधात प्रथिनांची एक मापभर पावडर, त्यात ३० ग्रॅम. दुपारी ५० ग्रॅम पनीर, ९ ग्रॅम, आणि अर्धी वाटी मटकीची उसळ, ४ ग्रॅम. संध्याकाळी बेसनाचं एक धिरडं, ६ ग्रॅम. रात्री मूठभर सोया चुऱ्याची भाजी, कोरडा चुरा २५ ग्रॅम धरला तर १३ ग्रॅम. बेरीज ६२. पावडर वगळली तर आकडा ४० च्या आत येतो, आणि पहिल्या वर्षात नुसत्या वरणावर ही तूट भरून काढणं अशक्य आहे. घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच असतात.

उलट्या होणं नेहमीचंच ना?

घाईने खाल्लं, मोठा घास घेतला, म्हणून कधीतरी उलटी होते, ती काळजीची नाही. पण रोज उलट्या होत असतील आणि दोन-तीन दिवसांत थांबत नसतील तर ते नेहमीचं नाही. जोडाची जागा अरुंद झालेली असू शकते. शिवाय शरीरातला बी-१ म्हणजे थायमिनचा साठा काही आठवड्यांत संपतो. मग चालताना तोल जातो, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसतं, माणूस गोंधळल्यासारखं बोलतो. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचं सलाइन लावलं जातं, आणि थायमिन न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला होणारी इजा वाढू शकते. घरच्यांनी तिथे एक वाक्य सांगायचं: ‘यांचं बॅरिएट्रिक ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या.’ हे वाक्य मी प्रत्येक कुटुंबाला पाठ करायला लावते.

वजन किती उतरतं, आणि पुन्हा वाढतं का?

वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या साधारण चौथा हिस्सा ते ३० टक्के उतरतं. बायपासमध्ये थोडं जास्त. सुमेधाताई वर्षअखेर ७० किलोंवर आल्या. पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढल्या, घोरणं गेलं. त्यांना ५८ व्हायचं होतं, कारण लग्नात तेवढं होतं. तो आकडा आमच्यापैकी कोणीच त्यांना सांगितला नव्हता आणि तो गाठला नाही म्हणजे ऑपरेशन फसलं असंही नाही.

दुसऱ्या वर्षानंतर थोडं वजन परत येतं, बहुतेकांचं येतं. तिसऱ्या वर्षी सुमेधाताई ७४ झाल्या. चार किलोंनी त्या इतक्या खजील झाल्या की तपासणीला येणंच बंद केलं. माझ्या मते वजन वाढण्यापेक्षा मोठं नुकसान या लाजेतून होतं, आणि ते पुढे दिसेलच.

मधुमेह कायमचा बरा होतो?

कित्येकांची औषधं सुटतात, काहींचं इन्सुलिन तर पहिल्याच आठवड्यात कमी करावं लागतं. पण ‘बरा झाला’ असं म्हणत नाहीत, ‘माघारी गेला’ असं म्हणतात. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिन जितकं जास्त वर्षं, तितकी त्याची परतण्याची शक्यता अधिक. वजन ७० राहिलं तरी एचबीए१सी आणि डोळ्यांची तपासणी चालूच ठेवायची. पहिल्या आठवड्यांत जुन्या गोळ्या आपल्या मनाने चालू ठेवू नका. साखर धोकादायक खाली जाते.

बी-१२ ची इंजेक्शनं जन्मभर खरंच लागतात?

हा प्रश्न पुण्यात इतरत्रपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं आणि शोषायला जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं. बायपासनंतर अन्न त्या जठरातून जातच नाही. स्लीव्हनंतर जठरच लहान झालेलं असतं. शाकाहारी माणसाला ते मुळात दूध-दह्यातूनच थोडंफार मिळतं, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतलेलं मेटफॉर्मिनही ते घटवतं. पुण्यातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या एका अभ्यासात दोन तृतीयांश लोकांचं बी-१२ कमी निघालं होतं, आणि त्यांची कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती. एरवी यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. आपल्याकडे तो भरलेलाच नसतो.

सुमेधाताईंचं ऑपरेशनआधी १८० होतं, म्हणजे कमीच. ते भरून काढलं आणि नंतर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन ठरलं. सुरुवातीची वर्षं त्यांनी ते नेमाने घेतलं. मग बदली, मुलीची दहावी, आणि ते वाढलेले चार किलो, इंजेक्शन सुटलं. मल्टिव्हिटॅमिनची गोळी मात्र चालू होती.

चौथ्या वर्षी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. फॅमिली डॉक्टर म्हणाले, मधुमेह होता ना, त्याचंच आहे. हिमोग्लोबिन ११.८, फार वाईट नाही, म्हणून कोणी पुढे पाहिलं नाही. एक दिवस न्हाणीघरात तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि त्या भिंतीवर कोलमडल्या. खरी खूण ही होती. डोळे उघडे असताना नजर तोल सांभाळते. डोळे मिटले की पायांकडून मेंदूला खबर जायला हवी, आणि पाठीच्या कण्यातल्या ज्या नसा ती नेतात त्या बी-१२ अभावी दुबळ्या होतात. अंधारात चाचपडत चालणं, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, याही त्याच खुणा. तपासलं तेव्हा बी-१२ ११० वर होतं.

हिमोग्लोबिनने फसवलं ते गोळीतल्या फोलिक ॲसिडमुळे. ते रक्त सावरून धरतं, पण नसांना वाचवत नाही. त्यामुळे ‘माझं रक्त चांगलं आहे’ हा बी-१२ ठीक असल्याचा पुरावा नव्हे. बी-१२ वेगळं मोजावं लागतं. सुमेधाताईंना सुरुवातीला दिवसाआड, मग आठवड्याला आणि पुढे महिन्याला इंजेक्शन दिलं. तोल काही महिन्यांत सुधारला, बोटांतली बधिरता मात्र थोडी उरली. उशीर जितका जास्त तितकं कायमचं नुकसान जास्त. इंजेक्शन नको असेल तर रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळीही चालते, पण ती खरोखर रोज घ्यायला हवी आणि पातळी तपासायला हवी.

कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकदम घेतली तर?

दोन्ही एकमेकींना अडवतात. दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहासोबत नको. पाळी चालू असलेल्या बायकांना लोह जास्त लागतं. हिमोग्लोबिनसोबत लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तपासा.

केस फार गळताहेत.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात. वजन झपाट्याने उतरल्याचा तो परिणाम आहे आणि बहुतेकांचे परत येतात. वर्षानंतरही गळत असतील तर प्रथिनं आणि फेरिटिन पाहा. महागडी तेलं घेऊ नका.

आमरस, श्रीखंड, उपवास?

बायपासनंतर आमरसाची वाटी एकदम प्यायली तर साखर थेट आतड्यात उतरते. अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. काहींना दोन-तीन तासांनी साखर उतरून चक्कर येते. जेवणानंतर दोन चमचे आमरस बऱ्याच जणांना चालतो. उपवासाचं दुखणं वेगळं आहे: साबुदाणा, वरी, बटाटा यांत प्रथिनं नगण्य. एकादशीला दूध, दही, पनीर, शेंगदाणे यांवर दिवस काढता येतो. नवरात्राचे नऊ दिवस मात्र पहिल्या वर्षी करू नका. सासूबाईंना सांगायला अवघड जात असेल तर त्यांना माझ्याकडे घेऊन या, मी बोलते.

मूल हवं असेल तर?

बारा ते अठरा महिने थांबा. पीसीओडीमुळे ज्यांची पाळी वर्षानुवर्षं अनियमित होती त्यांची वजन उतरताच नियमित होते आणि नको त्या वेळी दिवस जातात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांच्या शोषणाची खात्री नसते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांशी दुसऱ्या साधनाबद्दल आधीच बोला. गरोदरपणात मधुमेहासाठी ग्लुकोज पाजून करतात ती चाचणी बायपास झालेल्यांना सोसत नाही. घरी साखर मोजून काम भागतं.

आता इंजेक्शनं आली आहेत, मग ऑपरेशन कशाला?

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही चांगली औषधं आहेत आणि भारतात मिळतात. चाचण्यांमध्ये पहिल्याने सुमारे १५ टक्के आणि दुसऱ्याने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण बंद केल्यावर बरंचसं परत येतं, म्हणजे खर्च महिनोन्महिने चालू राहतो. ३० च्या आसपास बीएमआय असलेल्याने आधी हेच आजमावावं असं मला वाटतं. ४५ बीएमआय आणि जुना मधुमेह असेल तर ऑपरेशन पुढे ढकलत राहू नये.

नातेवाईक म्हणतात, हा आळशी माणसाचा मार्ग आहे.

मोठ्या प्रमाणात वजन घटलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा खर्च कमी करतं. म्हणून डाएटवर उतरवलेले २० किलो परत येतात. ऑपरेशन ही भूकच बदलतं. त्यानंतर रोज प्रथिनं मोजणं, गोळ्या घेणं, लग्नाच्या पंगतीत चार घासांवर थांबणं हे काम त्या माणसालाच करावं लागतं.

किती वर्षं तपासणीला यायचं?

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, पुढे जन्मभर वर्षातून एकदा. पुणं सोडलं तरी हे थांबत नाही. फाइलमध्ये ऑपरेशनचं नाव आणि तारीख असलेला सर्जनचा कागद ठेवा, आणि त्याचा फोटो घरच्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. त्यावर दोन सूचना लिहून घ्या: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं द्यायची नाहीत; आणि बायपास असेल तर अचानक, थांबून-थांबून येणारी तीव्र पोटदुखी कितीही वर्षांनी झाली तरी आतडं आत अडकल्याची शंका घेऊन सीटी स्कॅन करून सर्जनला दाखवायचं. नगरला किंवा कोकणात सुट्टीवर असताना रात्री अकरा वाजता पोट दुखलं, तर तिथल्या डॉक्टरांच्या हातात हा कागद असायला हवा.